चेहरा मामांचा, पण फोटो कोणाचा?

लग्नात मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा आणि मुलाकडचा वेगळा, हे सोलापूरकरांना नवीन नाही. स्टेजवर दोघे खांद्याला खांदा लावून उभे असतात, एकाच वेळी एकाच ग्रुपवर दोन कॅमेरे चालतात. मग महिन्याभराने अल्बमची निवड सुरू होते आणि स्टुडिओत ठरलेला प्रश्न येतो. समजा, अक्कलकोट रोडवरच्या कार्यालयात लग्न झालं. मुलीकडच्यांचा सतरा जणांचा ग्रुप फोटो सुंदर आला आहे, फक्त मुलीच्या मामांचे डोळे मिटलेले. मुलाकडच्या फोटोग्राफरने त्याच क्षणी दोन फूट बाजूला उभं राहून घेतलेल्या फोटोत मात्र मामांचे डोळे टक्क उघडे. मुलीचे वडील मोबाईल पुढे करतात : “यातला चेहरा त्यात टाका, वीस बाय तीसची फ्रेम करायची आहे.”

तांत्रिकदृष्ट्या याहून चांगला स्रोत मिळणार नाही. तोच फेटा, तोच हॅलोजनचा पिवळा उजेड, मानेचा जवळजवळ तोच कोन. चेहरा बदलण्याचं काम करणाऱ्याला सावलीची दिशा जुळवत बसावं लागत नाही. म्हणूनच इथे कोणी थांबत नाही आणि फाइल थेट फोटोशॉपमध्ये उघडली जाते. आमचं म्हणणं असं, की ती उघडण्याआधी परवानगी मागायला हवी, ती ग्राहकाने नव्हे तर काम करणाऱ्या स्टुडिओने मागायला हवी, आणि कोणाकडे मागायची याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे.

ग्राहकाचा पहिला युक्तिवाद असतो, “मामा आमचे, चेहरा मामांचा, मग परवानगी कसली?” यात चेहरा आणि चेहऱ्याचा फोटो यांची गल्लत आहे. मामांचा चेहरा कसा आणि कुठे वापरला जातो, याबद्दल मामांना बोलण्याचा हक्क आहेच. पण त्या चेहऱ्याचं जे चित्र कॅमेऱ्यात उमटलं, ती वेगळी वस्तू आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती आहे, आणि तिच्यात कलागुण असो वा नसो, संरक्षण मिळतं. तिचा कर्ता कोण, तर फोटो काढणारा. नोंदणीची गरज नाही, फोटोवर नाव छापलेलं असण्याचीही गरज नाही. म्हणजे दोन परवानग्या आहेत : एक फोटोत असलेल्या माणसाची, दुसरी फोटोच्या मालकाची. एक मिळाली म्हणून दुसरी सुटत नाही.

आता मालक कोण? फोटोग्राफर मंडळी छातीठोकपणे सांगतात, “क्लिक माझा, हक्क माझा.” लग्नाच्या बाबतीत हे बहुतेक वेळा चूक आहे. कायद्याच्या कलम 17 मध्ये कर्ता हाच पहिला मालक असं म्हटल्यावर लगेच अपवाद दिला आहे. कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा, म्हणजे बुकिंग करून पैसे देणारा. आपल्या उदाहरणात मुलाकडच्या फोटोग्राफरला मुलाच्या वडिलांनी पैसे दिले असतील, तर मामांच्या उघड्या डोळ्यांच्या त्या फोटोचे मालक मुलाचे वडील. मुलीच्या वडिलांच्या मोबाईलमध्ये तो आला तो व्याह्यांनी कौतुकाने पाठवला म्हणून. फोटो पाठवणं म्हणजे हक्क देणं नव्हे.

परवानगी मागायची ती म्हणून आधी व्याह्यांकडे. त्यात अडचण येत नाही, आणि आली तर ती कॉपीराइटची नसून दुसरीच काहीतरी असते.

पण व्याही “खुशाल वापरा” म्हणाले तरी काम संपत नाही. त्या फोटोग्राफरलाही विचारायला हवं, आणि त्याची तीन कारणं आहेत. पहिलं कारण कराराचं. हल्ली पुष्कळ स्टुडिओ बुकिंगच्या पावतीवर “छायाचित्रांचे सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील” असं छापतात. बुकिंगच्या वेळी ग्राहकाने ते वाचून सही केली असेल, तर वर सांगितलेला अपवाद उलटतो आणि मालकी फोटोग्राफरकडे राहते. अल्बम देताना बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली तीच ओळ मात्र फारशी कामाची नाही, कारण तोवर फोटो काढून झालेले असतात आणि मालकी ठरलेली असते. पावती कोणती, कधीची, सही आहे का, हे त्या दोघांनाच ठाऊक असतं. म्हणून दोघांनाही विचारायचं.

दुसरं कारण कलम 57चं. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी कर्त्याचा एक हक्क त्याच्याजवळच राहतो. आपल्या कृतीची मोडतोड किंवा बदल आपल्या नावाला बट्टा लागेल अशा रीतीने झाला, तर तो आक्षेप घेऊ शकतो आणि भरपाईही मागू शकतो. प्रत्येक चेहराबदल अशी मोडतोड ठरत नाही. नीट केलेल्या कामात फोटोग्राफरची बदनामी होण्यासारखं काही नसतं. पण मान एकीकडे आणि नजर दुसरीकडे असलेल्या वाईट जोडकामावर मूळ फोटोग्राफरचा वॉटरमार्क तसाच राहिला, तर पाहणारा ते पाप त्याच्याच माथी मारतो. बरं, वॉटरमार्क पुसावा तर तेही महागात पडतं. फोटोवरचं कर्त्याचं नाव किंवा हक्कांची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम 65बी खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ठेवला तरी पंचाईत, पुसला तरी पंचाईत. यातून सुटण्याचा एकच मार्ग : फोटोग्राफरकडून वॉटरमार्क नसलेली मूळ फाइल मागून घेणं.

तिसरं कारण निव्वळ कारागिरीचं आहे, आणि कायद्याचा कंटाळा येणाऱ्यांना तेच लवकर पटतं. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो. तीस इंच रुंद फ्रेमला इंचाला 200 पिक्सेल मिळतात, छपाईला पुरेसे. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने आलेल्या प्रतीची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. सतरा जणांच्या ग्रुपमध्ये मूळ फाइलीत मामांचा चेहरा दोनशेएक पिक्सेल रुंद असेल, तर व्हॉट्सअॅपच्या प्रतीत तो पन्नास-पंचावन्नवर येतो. म्हणजे तो जवळजवळ पावणेचार पट ताणावा लागणार. शेजारच्या आत्याच्या भुवईचा केस न् केस दिसतो आणि मामांचे डोळे मात्र पाणी पडलेल्या शाईसारखे. फ्रेम भिंतीवर गेल्यावर पाहुण्यांना नेमकं कारण सांगता येत नाही, पण “मामा काहीतरी वेगळे दिसतात” हे प्रत्येकजण म्हणतो. परवानगी मागताना मूळ फाइल मिळते, आणि काम सुबक होतं ते त्या फाइलीमुळे.

फोटो मुळात कोणी काढला हे ग्राहकाला पुष्कळदा माहीत नसतं, तेव्हा शोध स्टुडिओने घ्यायचा. फाइलीचं नाव `IMG-20250214-WA0012.jpg` अशा धाटणीचं असेल तर ती व्हॉट्सअॅपवरून आली आहे आणि तिच्यातली कॅमेऱ्याची माहिती बहुधा उडाली आहे. ग्राहकाला सांगावं, ज्याने पाठवला त्याच्याकडून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. मग फोटोशॉपमध्ये `File > File Info` उघडून कर्ता आणि कॉपीराइट हे रकाने पाहावेत. कमांड लिहिण्याची सवय असेल तर हे आणखी सोपं :

```
exiftool -Artist -Creator -Copyright -DateTimeOriginal mama.jpg
```

कॅनन आणि निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूमधूनच मालकाचं नाव भरून ठेवता येतं, मग ते प्रत्येक फोटोत आपोआप उतरतं. ज्यांनी ते अजून भरलं नाही, त्यांनी आपला फोटो चोरीला गेल्याची तक्रार करण्याआधी ती पाच मिनिटं खर्च करावीत. एक सावधगिरी मात्र हवी. रकाना रिकामा आहे म्हणजे फोटो बेवारस आहे, असा अर्थ काढायचा नाही. माहिती उडालेली असू शकते, हक्क उडत नाही.

परवानगी तोंडी चालत नाही. कलम 30 नुसार परवाना लेखी हवा. 2012च्या दुरुस्तीनंतर त्यावर सही असण्याची अट राहिली नाही, म्हणून मालकाच्या नंबरवरून आलेलं स्पष्ट उत्तर जपून ठेवलं तर लेखी पुरावा हाताशी राहतो. फोटोची पूर्ण मालकीच विकत घ्यायची असेल तर सहीचा कागद लागतो, पण चेहराबदलासाठी तेवढ्या थराला जायचं कारण नाही. संदेश मराठीत लिहा, तेलुगूत लिहा नाहीतर कन्नडमध्ये, समोरच्याला समजला म्हणजे झालं. मजकूर साधारण असा असावा :

“नमस्कार. 14 फेब्रुवारीच्या लग्नातील आपण काढलेला स्टेजवरील ग्रुप फोटो सोबत पाठवला आहे. त्यातील वरच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या गृहस्थांचा फक्त चेहरा आमच्या ग्राहकांच्या ग्रुप फोटोत बसवायचा आहे. 20 बाय 30 इंचाची एक फ्रेम आणि अल्बममधील एक पान, एवढाच वापर. समाजमाध्यमांवर किंवा जाहिरातीत वापरणार नाही. मूळ फाइल पाठवता येईल का? मोबदला अपेक्षित असल्यास कळवावे. परवानगी असल्यास ‘परवानगी आहे’ असे उत्तर द्यावे.”

वापर इतका नेमका लिहायचं कारण पुढे कळतं. फ्रेम सुंदर झाली, घरात सगळ्यांना आवडली. दोन महिन्यांनी मुलीच्या भावाने नवी पेठेत कापडाचं दुकान काढलं आणि उद्घाटनाच्या फ्लेक्सवर तोच ग्रुप टाकायचं ठरवलं. मग दुकानाच्या इन्स्टाग्रामवर. फोटो तोच, पण वापर बदलला. घरातल्या फ्रेमसाठी दिलेली परवानगी दुकानाच्या जाहिरातीला लागू होत नाही, पुन्हा विचारावं लागतं. परवान्यात मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत असा धरतो. इन्स्टाग्रामला सरहद्द नाही, म्हणून तिथे टाकायचं असेल तर “जगभर” हा एक शब्द आणि मुदत संदेशात असायलाच हवी.

यावर जाणकार ग्राहक दोन मुद्दे काढतात आणि दोन्हींत थोडं तथ्य आहे. एक, “सतरातला एकच चेहरा घेतला, हा काय फोटो झाला?” कायदा खरोखरच संपूर्ण कृती किंवा तिचा महत्त्वाचा भाग असं म्हणतो. ग्रुपमधला एक चेहरा हा महत्त्वाचा भाग नाही, असं म्हणायला जागा आहे. पण हा भाग फुटपट्टीने मोजला जात नाही, त्याचं वजन पाहिलं जातं. एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटमधून चेहरा उचलला तर फोटोचा जीवच उचलला. शिवाय चेहरा कापण्यासाठी आख्खी फाइल स्टुडिओच्या संगणकात साठवावी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हीदेखील कायद्याच्या भाषेत प्रत काढणंच आहे. दुसरा मुद्दा घरगुती वापराचा. खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराची सवलत कलम 52 मध्ये आहे. मुलीच्या वडिलांनी स्वतः मोबाईलवर चेहरा बदलून हॉलमध्ये लावला, तर त्यांना ती सांगता येईल. पण पैसे घेऊन ते काम करणारा स्टुडिओ धंदा करत असतो. ग्राहकाच्या घरगुती वापराची छत्री आपल्या डोक्यावरही आपोआप येईल, या भरवशावर कोणी बसू नये.

आता याच कामाची दुसरी जात पाहू, जिथे उत्तर अगदी उलट येतं. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा आली की शहरभर शुभेच्छांचे फलक लागतात. सात नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त. फलकावरच्या इच्छुकाचा बाराबंदीतला फोटो नसतो, असतो तो पासपोर्ट साइजचा. मग डिझायनर गूगलवर मिळालेल्या यात्रेच्या फोटोतलं बाराबंदीतलं धड घेतो आणि त्यावर हे मुंडकं बसवतो. मागे नंदीध्वज आणि मंदिर तिसऱ्याच फोटोतून.

यात्रेचा फोटो कोणी पैसे देऊन काढून घेतलेला नसतो. एखादा छंदी किंवा व्यावसायिक फोटोग्राफर पहाटेपासून उभा राहून स्वतःहून तो काढतो. तिथे पैसे देणाऱ्याचा अपवाद लागूच होत नाही, मालक तोच. फोटो दैनिकाच्या पगारी छायाचित्रकाराने कामाचा भाग म्हणून काढलेला असेल, तर नियम आणखी बारीक आहे. वेगळा करार नसल्यास दैनिकाच्या मालकाचा हक्क वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता, बाकी हक्क छायाचित्रकाराचे. फलकासाठी परवानगी हवी असेल तर संपादकांच्या ओळखीचा उपयोग नाही, छायाचित्रकाराला गाठायला हवं. “मंदिर काय कोणाच्या मालकीचं आहे का” हा प्रश्नही गैरलागू आहे. मंदिराचा फोटो कोणालाही काढता येतो. पण दुसऱ्याने काढलेला मंदिराचा फोटो त्याचाच राहतो, आपण आपला कॅमेरा घेऊन जावं.

आणि ज्याचं धड घेतलं तो माणूस? तोही याच शहरात राहतो. आपल्या अंगावर भलत्याच पक्षाच्या माणसाचं डोकं बसलेलं त्याला सात रस्त्यावर दिसलं, तर तो फोटोग्राफरच्याही आधी डिझायनरच्या दारात येईल. इथे दोन्ही परवानग्या लागतात, आणि दोन्ही मिळण्याची शक्यता कमी. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : फलकासाठी धड उसनं घेऊच नये. इच्छुकाला बाराबंदी नेसवून आपल्याच स्टुडिओत उभं करावं. जेवढा वेळ धड शोधण्यात आणि मानेचा रंग जुळवण्यात जातो, त्याहून कमी वेळ यात जाईल. मोकळ्या परवान्याचे फोटो देणाऱ्या साइटवरून पार्श्वभूमी घेतली तरी परवान्याची अक्षरं वाचावीत. `CC BY-ND` मधल्या `ND` चा अर्थ बदल केलेली प्रत प्रसृत करायची नाही, म्हणजे चेहराबदलाला तो फोटो बाद. `NC` असेल तर धंद्यासाठी बाद.

शिक्षा पुस्तकातली नाही. कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. धंद्यातल्या फायद्यासाठी हे केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. स्टुडिओला ती पळवाट नाही. “ग्राहकाने आणून दिलं, मला काय माहीत” हा बचावही तोकडा आहे. कॉपीराइट असल्याची कल्पना नव्हती आणि तसं समजायला कारणही नव्हतं, हे दाखवता आलं तर दिवाणी दाव्यात भरपाई टळते. पण मनाई आणि नफा परत करणं टळत नाही. आणि स्वतः फोटोचा धंदा करणाऱ्याने फोटोला कॉपीराइट असतो हे माहीत नव्हतं म्हणायचं, तर ऐकणार कोण?

एक कडू गोष्ट आपल्याच व्यवसायातल्यांना सांगायला हवी. वधूवरांच्या सुंदर फोटोवर आपला लोगो टाकून तो स्टुडिओच्या पेजवर चढवताना किती जण ग्राहकाला विचारतात? वर सांगितलेल्या नियमाने तो फोटो ग्राहकाचा आहे. दुसऱ्याने आपला फोटो चेहराबदलासाठी उचलला की आपण चिडतो, आणि रोज तेच उलट्या दिशेने करतो. दोन्ही गोष्टी बुकिंगच्या पावतीवर दोन ओळींत मिटतात : आमच्या कामाचा नमुना म्हणून हे फोटो दाखवायला संमती आहे की नाही, आणि दुसऱ्या स्टुडिओने यातून काही भाग वापरायचा असल्यास परवानगी कोण देणार. पुढे सही. दिवसाच्या मजुरीवर कँडिड काढायला बोलावलेल्या पोराशीही असाच कागद करावा. नाहीतर पैसे देणारा कोण, स्टुडिओ की लग्नघर, यावर नंतर वाद होतो.

लग्नसराईत एवढं करायला वेळ कुठे, असं म्हणणाऱ्यांची अडचण खोटी नाही. उत्तर येतच नाही, व्याही प्रवासात असतात, फोटोग्राफर फोन उचलत नाही. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. तेव्हा तो फोटो बाजूला ठेवायचा आणि स्वतःच्या कार्डात पाहायचं. तिथे मामांचे डोळे उघडे असलेली दुसरी फ्रेम असेल, तर चेहरा आपल्याच फोटोतून आपल्याच फोटोत जातो आणि ग्राहकाशिवाय कोणालाही विचारावं लागत नाही. ती फ्रेम असावी लागते, एवढंच. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी ग्रुप फोटोत मिटलेल्या डोळ्यांचं गणित मांडलं होतं आणि त्यासाठी त्यांना 2006 मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. त्यांचा ठोकताळा असा : वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने, आणि तेवढे फोटो काढा. सतरा जणांच्या ग्रुपला सहा, कार्यालयाच्या मंद उजेडात नऊ. स्टेजवर उभ्या असलेल्या मामांना तेवढा वेळ थांबवणं व्याह्यांना फोन लावण्यापेक्षा सोपं आहे.